पावणेसात मिनिटांत पन्नास वर्षं

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हॉलमध्ये फोटोंची फिल्म दाखवायची, हे आता घरोघरी ठरूनच गेलं आहे. औक्षण होतं, हार घातले जातात, दोघांबद्दल दोन-तीन जण बोलतात आणि जेवणाआधी दिवे मालवून पडद्यावर फोटो सुरू होतात. पहिली दोन मिनिटं हॉल अगदी शांत असतो. ‘ही कोण?’, ‘अगं, ही आपली माई!’ अशी कुजबुज तेवढी ऐकू येते. पाचव्या मिनिटाला मुलं खुर्च्यांमधून पळायला लागतात. दहाव्या मिनिटाला मागच्या रांगेतले लोक पंगतीकडे बघायला लागतात आणि फिल्म मात्र अजून 1994 च्या बारशातच असते.

फोटो वाईट असतात म्हणून असं होत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं. फोटो जमले की कोणीतरी लगेच अ‍ॅप उघडतं, दोनशे फोटो एकदम आत टाकतं, अ‍ॅप देईल ते इफेक्ट लावतं आणि गाणं संपलं की तेच पुन्हा सुरू करतं. जोडणीला बसण्याआधी जे ठरायला हवं, ते ठरलेलंच नसतं. फिल्म किती मिनिटांची, गाणी कोणती, फोटो किती, एका फोटोवरून दुसऱ्यावर जायचं कसं आणि पडद्यावर लिहायचं काय, या पाच गोष्टी कागदावर ठरल्या की अ‍ॅपमधलं काम एका संध्याकाळचं उरतं. क्रमही शक्यतो हाच ठेवावा, कारण यातली प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर टेकलेली आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. मे 1975 मध्ये सांगलीत लग्न झालेलं जोडपं. त्यांची बँकेत नोकरी, म्हणून बिऱ्हाड कराडला, मग सोलापूरला, मग नाशिकला आणि शेवटी पुण्यात. एक मुलगी, एक मुलगा, तीन नातवंडं. मुलगी न्यू जर्सीत राहते आणि फिल्म करण्याचं काम मुलाकडे आलं आहे. कपाटात तीन अल्बम आहेत, बिस्किटांच्या डब्यात सुटे फोटो आहेत आणि फोनमध्ये हजारो.

आधी मिनिटं मोजा

दीडशे माणसांच्या हॉलमध्ये सात मिनिटांपेक्षा लांब फिल्म चालत नाही. घरी आठ-दहा माणसांत पंधरा मिनिटंही चालते, कारण तिथे थांबवून बोलता येतं. हॉलमध्ये तसं करता येत नाही. म्हणून आपल्या उदाहरणात पावणेसात मिनिटं, म्हणजे 405 सेकंद, ही कमाल मर्यादा ठरवू. त्यातली 10 सेकंदं सुरुवातीच्या पाटीला आणि 15 सेकंदं शेवटच्या फोटोला राखून ठेवू. उरली 380 सेकंदं.

या 380 सेकंदांचे तीन भाग पाडू. पहिला भाग लग्नापर्यंतचा: दोघांचं बालपण, शाळा-कॉलेज, लग्न. याला 110 सेकंदं. दुसरा संसाराचा, साधारण 1999 पर्यंत, याला 150. तिसरा सूनबाई-जावई, नातवंडं, निवृत्ती आणि आजपर्यंतचा, याला 120. मधल्या भागाला सर्वांत जास्त वेळ दिला, कारण समोर बसलेल्या बहुतेकांच्या आठवणी त्याच काळातल्या आहेत.

आता फोटो किती, ते यातून आपोआप निघतं. जुना, लहान, कृष्णधवल फोटो लोकांना ओळखायला वेळ लागतो. त्याला 6 सेकंदं द्यावीत. अल्बममधल्या रंगीत फोटोला 5 पुरतात. अलीकडच्या फोटोंत चेहरे ओळखीचे असतात, तिथे 4 सेकंदंही भरपूर होतात. पंधरा-वीस माणसांचा ग्रुप फोटो कुठल्याही काळातला असो, त्याला 7-8 सेकंदं हवीत, कारण प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो आणि मग फोटो बघतो.

या हिशेबात एक खाच आहे, ती नीट समजून घ्यावी. एक फोटो विरत असतानाच दुसरा उमटतो, तेव्हा ते दोन फोटो तेवढा वेळ एकमेकांवर असतात आणि तो वेळ एकूण लांबीतून वजा होतो. मधल्या भागात 37 फोटो, प्रत्येकी 5 सेकंदं, म्हणजे वरवर बघता 185 सेकंदं. पण दोन फोटोंच्या मध्ये 1 सेकंदाचा विरता बदल ठेवला, तर असे 36 बदल होतात आणि 36 सेकंदं कमी होतात. प्रत्यक्षात हा भाग 149 सेकंदांचा होतो. हे लक्षात घेतलं नाही, तर फोटो संपून पडदा काळा होतो आणि गाणं अर्धा मिनिट अंधारात वाजत राहतं. याच रीतीने पहिल्या भागात 21 फोटो बसतात. तिसऱ्या भागात विरता बदल न ठेवता एकदम फोटो बदलला, तर 30 बसतात. सगळे मिळून 88. काही फोटो जास्त वेळ थांबवायचे आहेत, म्हणून हाताशी 80 धरावेत.

गाळायचं कसं

फोटो जमवताना सगळे घ्यावेत. काढून टाकायची घाई तेव्हा करू नये. नातेवाइकांना फोटो पाठवायला सांगताना मात्र एक सूचना आवर्जून द्यावी: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवलेला फोटो वाटेत दाबला जातो. फोनवर तो छान दिसतो, पण बारा फुटी पडद्यावर चेहरे पुसट होतात.

जुने फोटो स्कॅन करणं उत्तम. पोस्टकार्डाएवढा 4 बाय 6 इंची फोटो 300 डीपीआयवर स्कॅन केला, तर 1800 बाय 1200 ठिपके मिळतात. हॉलमधल्या पडद्यावरच्या व्हिडिओला 1920 बाय 1080 लागतात, म्हणजे एवढ्यात जेमतेम भागतं. त्यापेक्षा लहान फोटो, किंवा ज्या फोटोत पुढे एका चेहऱ्याजवळ जायचं आहे तो, 600 वर करावा. स्कॅनर नसेल, तर फोटो खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, फोन अगदी समांतर धरून टिपावा. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो पानाला धरून बसलेला असेल, तर ओढू नये. प्लास्टिकचा पापुद्रा अलगद उचलावा आणि फोटो पानावर असतानाच टिपावा.

स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅन केल्याच दिवसाची तारीख येते. त्यामुळे अ‍ॅपला तारखेप्रमाणे लावायला सांगितलं, तर 1975 चं लग्न 2025 च्या नातवाच्या मुंजीशेजारी जाऊन बसतं. म्हणून प्रत्येक फाइलला आपणच नाव द्यावं: आधी वर्ष, मग क्रमांक, उदाहरणार्थ `1975-010.jpg`, `1975-020.jpg`. क्रमांक दहा-दहाने वाढवले, की मागाहून सापडलेला फोटो `1975-015.jpg` म्हणून मध्ये घालता येतो आणि बाकीच्यांची नावं बदलावी लागत नाहीत.

मग तीन चाळण्या. पहिल्या चाळणीत एकाच प्रसंगाचे पाच फोटो असतील, तर एकच ठेवायचा. दुसऱ्या चाळणीत प्रत्येक फोटोला विचारायचं, हा आधीच्या फोटोंनी न सांगितलेलं काही सांगतो का? नवं गाव, नवं माणूस, नवं घर, नवी सवय. सहा ठिकाणी देवळासमोर उभं राहून काढलेले सहा फोटो पडद्यावर एकच फोटो होतात. सोलापूरच्या बिऱ्हाडात स्टोव्हजवळ बसलेली आई मात्र एकदाच सापडते. तो फोटो तिरका असला तरी ठेवावा.

तिसरी चाळणी माणसांची, आणि ही कधीही टाळू नये. एका कागदावर येणाऱ्या घरांची नावं लिहावीत आणि निवडलेल्या फोटोंत कोण किती वेळा दिसतं, त्याच्या काड्या ओढाव्यात. हे केल्यावर हमखास काही गोष्टी दिसतात. पहिल्या मुलाचे फोटो धाकट्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. वडील कॅमेरा धरत असतील, तर काही वर्षं ते फोटोतच नसतात. एका काकांचं घर पाच वेळा येतं, मावशीचं एकदाही नाही. फिल्म संपल्यावर कोणी बोलत नाही, पण ‘आमचा एकही नव्हता’ हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. या काड्यांमुळे मावशीला फोन होतो आणि तिच्या डब्यातून असा एखादा फोटो निघतो, जो आपल्याकडे नव्हताच.

गेलेल्या माणसांबद्दलही याच वेळी ठरवावं. हार घातलेली तसबीर घेऊ नये. आजीचा भाजी निवडतानाचा किंवा हसतानाचा फोटो तिच्या काळाच्या जागी ठेवावा. आणि घरात नुकतंच कोणी गेलं असेल किंवा कोणाचं लग्न मोडलं असेल, तर त्या व्यक्तीच्या जवळच्या माणसाला आधी विचारावं. भर हॉलमध्ये तो चेहरा अचानक समोर येणं कठीण जातं.

आणखी एक गोष्ट फोटोंच्या आकाराची. सत्तरच्या दशकात घराघरांत असलेल्या क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याचे फोटो चौरस निघत. पुढचे रोलचे फोटो आडवे आहेत आणि फोनवरचे बहुतेक उभे. पडदा मात्र आडवा, 16 बाय 9 चा. फोटो पडद्याभर ताणायला सांगितला, तर अ‍ॅप वरचं आणि खालचं कापतं, आणि लग्नाच्या फोटोत नेमक्या मुंडावळ्या जातात. चौरस फोटो मध्यभागी पूर्ण ठेवावा, बाजूला गडद साधा रंग असू द्यावा. उभे फोटो दोन-दोन शेजारी लावावेत. अशी जोडी कोणाची कोणाशी, हेही आत्ताच लिहून ठेवावं.

गाणी: चाल गोड असून भागत नाही

गाण्यांची निवड आपल्या आवडीने नाही, त्या दोघांच्या आवडीने करावी. रेडिओवर ‘आपली आवड’ लागायचं तेव्हा कोणतं गाणं आलं की आवाज मोठा व्हायचा, लग्नानंतर पहिला सिनेमा कोणता पाहिला, एवढं विचारलं तरी यादी तयार होते. तीन भागांना तीन गाणी पुरेत. पहिल्या भागाला त्यांच्या तरुणपणीचं, दुसऱ्याला एखादं भावगीत किंवा शब्द नसलेलं सतार-बासरीचं वादन, तिसऱ्याला जरा पळतं.

गाणं ठरवण्याआधी ते शेवटच्या अंतऱ्यापर्यंत, शब्दांकडे लक्ष देऊन ऐकावं. मराठी आणि हिंदीतली कित्येक गोड गाणी विरहाची आहेत. 1975 चंच उदाहरण घ्या. त्या वर्षी आलेल्या ‘आँधी’ची गाणी आजही घरोघरी पाठ आहेत, पण तो सिनेमा एकमेकांपासून दुरावलेल्या नवरा-बायकोचा आहे आणि त्यातल्या गाण्यांत ते दुरावणं भरलेलं आहे. पन्नास वर्षं एकत्र काढलेल्या जोडप्याच्या फोटोंवर ती विसंगत वाटतात. त्याच वर्षीचा ‘चुपके चुपके’ नव्या लग्नाच्या खोड्यांचा आहे. सचिन देव बर्मन यांचं त्याचं संगीत आपल्या पहिल्या भागाला सहज शोभेल.

गाणं पूर्ण वापरायचं नसतं. आपल्याला 110 सेकंदं हवी आहेत. आपल्याकडच्या गाण्याची ठेवण साधारण अशी असते: सुरुवातीचे वाद्यांचे सूर, मग मुखडा, मग पुन्हा वाद्यं, मग अंतरा, आणि परत मुखडा. पहिल्या अंतऱ्यानंतर मुखडा परत येतो, तिथे ओळ पूर्ण होऊ द्यावी आणि मग 3 सेकंदांत आवाज हळूहळू खाली न्यावा. ओळ मध्येच तुटली, की गाणं पाठ असलेल्या माणसाला ठेच लागल्यासारखं होतं, आणि अशी माणसं हॉलमध्ये निम्मी असतात. स्टॉपवॉच लावून गाणं ऐकावं आणि मुखडा, वाद्यं, अंतरा कितव्या सेकंदाला सुरू होतात, ते लिहून ठेवावं. पुढे या आकड्यांचा दोनदा उपयोग होतो.

पहिला उपयोग ओळींसाठी. गाण्याचे शब्द कानावर पडत असताना पडद्यावरचे शब्द वाचणं जड जातं. दोन्ही मराठीत असतील, तर जास्तच. म्हणून जास्त लिखाण असलेले फोटो वाद्यांच्या तुकड्यांवर ठेवावेत आणि अंतऱ्यावर नुसते चेहरे येऊ द्यावेत.

दुसरा उपयोग फोटो बदलण्यासाठी. तिसऱ्या भागातलं गाणं केरव्यातलं असेल आणि मिनिटाला 120 मात्रांच्या चालीत जात असेल, तर आठ मात्रांचं एक आवर्तन बरोबर 4 सेकंदांचं होतं. दर समेवर फोटो बदलायचा, की आपला 4 सेकंदांचा हिशेब आणि ताल एकमेकांवर बसतात. बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही, पण फिल्म गाण्याबरोबर चालते आहे असं वाटतं. सम पकडता येत नसेल, तर घरातल्या तबला शिकणाऱ्या नातवाला किंवा नातीला बरोबर बसवावं.

फिल्म पुढे यूट्यूबवर टाकायची असेल, तर गाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. तिथे सिनेमाचं गाणं यंत्रणा आपोआप ओळखते. मग हक्कदाराच्या जाहिराती लागतात किंवा काही देशांत व्हिडिओ दिसतच नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षं टिकतो, गीतकार आणि संगीतकारांचे हक्क वेगळे असतात, म्हणजे 1975 चं गाणं अजून मोकळं झालेलं नाही. न्यू जर्सीतल्या मैत्रिणींना दुवा पाठवायचा असेल, तर त्याच लांबीचं, यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं संगीत लावून दुसरी प्रत करावी. तीन भागांची सेकंदं कागदावर असल्यामुळे त्याला वेळ लागत नाही. हॉलमध्ये गाणी वाजवण्याच्या परवान्याबद्दलही व्यवस्थापकाला आधीच विचारून ठेवावं.

एका फोटोवरून दुसऱ्यावर

अ‍ॅपमध्ये शंभर तऱ्हेचे बदल मिळतात: पान उलटतं, फोटो फिरत येतो, बदामाच्या आकारात उघडतो. यातले तीनच कामाचे आहेत, आणि त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. एकदम बदल म्हणजे ‘आणि हे, आणि हे’. विरता बदल म्हणजे ‘काही काळ गेला’. फोटो काळ्यात विरून नवा उमटणं म्हणजे ‘इथे एक भाग संपला’. आपल्या फिल्ममध्ये काळ्यात विरणं दोनदाच येईल, लग्नानंतर आणि 1999 नंतर. ते सारखं केलं, तर फिल्म संपली असं वाटून लोक टाळ्या वाजवायला लागतात.

विरत्या बदलातही एक काळजी घ्यावी. दोन मोठे चेहरे एकमेकांत विरले, की सेकंदभर चार डोळ्यांचं विचित्र काहीतरी दिसतं. त्यामुळे जवळून काढलेल्या चेहऱ्यानंतर दुरून काढलेला फोटो ठेवावा. याला एकच अपवाद आहे, आणि तो मुद्दाम ठरवून करावा. लग्नाच्या दिवशी स्टुडिओत काढलेला दोघांचा फोटो, तो खुर्चीत, ती शेजारी उभी. आज त्याच ठेवणीत नवा फोटो काढायचा: खुर्ची त्याच बाजूला, कॅमेरा तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच अंतरावर. मग जोडणीत नवा फोटो लहान-मोठा करून दोघांचे डोळे जुन्या फोटोतल्या डोळ्यांवर अचूक बसवायचे आणि बदल 1 सेकंदाऐवजी 3 सेकंदांचा ठेवायचा. केस पांढरे होतात, चष्मा येतो, मागचा रंगवलेला पडदा जाऊन घरातली भिंत येते आणि नजर तीच राहते. शेवटची 15 सेकंदं याच्यासाठी राखली आहेत. हा नवा फोटो समारंभाच्या निदान आठवडाभर आधी काढावा लागतो, म्हणून तो यादीत सर्वांत वर लिहावा.

स्थिर फोटोवर कॅमेरा हळूच सरकवण्याच्या युक्तीला अ‍ॅपमध्ये ‘केन बर्न्स’ असं नाव दिसतं. अमेरिकी यादवी युद्धावरच्या 1990 च्या माहितीपट मालिकेत याच नावाच्या दिग्दर्शकाने जुन्या छायाचित्रांवर ती फार सुंदर वापरली. अ‍ॅपवर सोडलं तर कॅमेरा कुठेही सरकतो, कधी चेहरा सोडून कोपऱ्यातल्या कुंडीकडे. ही हालचाल दहा-बारा फोटोंनाच द्यावी आणि ती कुठून कुठे, हे आपण लिहावं. ग्रुप फोटोत आधी सगळे आणि मग सावकाश दोघांकडे. किंवा आधी नवरीचा हात आणि मग मागे सरकत सारा मांडव.

पडद्यावरच्या ओळी

‘अविस्मरणीय क्षण’, ‘सुखी संसार’ या ओळी कुठल्याही फोटोखाली चालतात, म्हणून त्या लिहू नयेत. फोटोत जे दिसत नाही, ते ओळीने सांगावं. कराडच्या घरासमोर सायकल धरून उभे असलेले वडील दिसतातच. तिथे ‘आमचे बाबा’ लिहून काही मिळत नाही. ‘कराड, 1977. सायकल शेजाऱ्यांची, फक्त फोटोपुरती’ असं लिहिलं, की हॉल हसतो आणि त्या वर्षीची ओढाताणही कळते. अशी ओळ सुचत नाही, ती विचारून मिळवावी लागते. फोटो दोघांच्या हातात द्यावा, बोलू द्यावं आणि फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावं. सगळंच गुपित ठेवायचं असेल, तर आत्या किंवा मामाला बसवावं. पण शक्यतो त्या दोघांनाच विचारावं. शेवटच्या फोटोंची जोडी गुपित राहिली तरी पुरेसं होतं.

ओळ आठ-दहा शब्दांपेक्षा मोठी नको. ती मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचायला जितका वेळ लागतो, तितका वेळ तरी फोटो पडद्यावर राहायला हवा. ऐंशी वर्षांच्या आजोबांना चष्मा नीट करून वाचायचं असतं. तीन फोटोंमागे एक ओळ पुरते, आपल्या 80 फोटोंना पंचवीसेक. बाकीच्यांवर नुसतं गाव आणि वर्ष, तेही बदलेल तेव्हाच.

ओळीची जागाही ठरवावी. अगदी तळाशी लिहिलं, तर पुढे बसलेल्यांच्या डोक्यांआड जातं. तळाच्या थोडं वर, गडद पट्टीवर पांढरी जाड अक्षरं, सगळीकडे एकाच जागी. आणि देवनागरीची परीक्षा आधीच घ्यावी. काही अ‍ॅप जोडाक्षरं तोडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे टाकतात. ‘लग्नपत्रिका’, ‘विद्यार्थी’ आणि ‘श्रीवर्धन’ हे तीन शब्द टाइप करून बघावेत, दोष असेल तर लगेच दिसतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला, तर भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात. अ‍ॅपला मराठी जमतच नसेल, तर ओळी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून फोटोवर ठेवाव्यात.

तक्ता आणि हॉल

आता हे सारं एका तक्त्यात येतं. वहीच्या आडव्या पानावर सात रकाने: क्रमांक, फाइलचं नाव, सेकंदं, फोटोत कोण, पुढच्या फोटोवर जाण्याची तऱ्हा, ओळ, आणि गाण्यातली जागा. आपल्या उदाहरणातली एक नोंद अशी दिसेल: क्रमांक 26, `1977-040.jpg`, 7 सेकंदं, बाबा, विरता 1 सेकंद, सायकलची ओळ, दुसऱ्या संगीतातला सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा. सेकंदांच्या रकान्याची बेरीज करून त्यातून विरते बदल वजा करावेत. 405 पेक्षा जास्त आलं, तर प्रत्येक फोटोचा वेळ थोडाथोडा कापू नये, फोटोच कमी करावेत. घाईने पळणाऱ्या नव्वद फोटोंपेक्षा नीट दिसलेले सत्तर बरे.

जोडणीला बसण्याआधी हा तक्ता घरातल्या दोन माणसांना वाचायला द्यावा: एक थोरल्या पिढीतलं, गावं-वर्षं-नाती तपासायला, आणि एक नव्याने घरात आलेलं, सून किंवा जावई, कुठे काही कळत नाही ते सांगायला. ‘हे सोलापूरचं नाही, नाशिकचं घर आहे’ ही दुरुस्ती कागदावर खोडण्याएवढीच असते. तयार फिल्ममध्ये ती केली, की पुढचं सगळं सरकतं.

हॉलमध्येही एकदा आधी जाऊन यावं. पडदा एलईडीचा आहे की प्रोजेक्टरचा, हे बघावं. प्रोजेक्टरवर, त्यातही दिवसा, काळसर जुने फोटो आणखी बुडतात, म्हणून ते थोडे उजळून घ्यावे लागतात. तयार फाइल एमपी4 असावी आणि ती पेन ड्राइव्हवरून तिथल्याच यंत्रावर, तिथल्याच स्पीकरवर लावून बघावी. शेवटच्या रांगेत उभं राहून एक ओळ वाचावी आणि तीन गाण्यांचे आवाज सारखे येतात का, ते ऐकावं. जुन्या ध्वनिमुद्रणानंतर नवं गाणं लागलं, की आवाज एकदम चढतो.

समारंभानंतर तक्ता टाकून देऊ नये. न निवडलेले कितीतरी फोटो आता स्कॅन झालेले, वर्षवार नाव दिलेले आहेत. ते सगळं फोल्डर आणि तक्त्याची प्रत भावंडांना, मामा-मावश्यांना द्यावी. आणि मूळ फोटोंच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलकेच नावं, गाव आणि वर्ष लिहावं. बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पंचवीस ओळींसाठी विचारपूस करताना शेकडो चेहऱ्यांची ओळख पटलेली असते. ती सांगणारी माणसं समोर आहेत, तोवरच हे लिहून होतं.